अरबीतली दोन कर्मं: दोन्ही नामांना द्वितीयाच का? आणि ओळखायचं कसं कोण कुठलं?

मृण्मयी_कोथरूड | सोमवार, रात्री ९:४०

संध्याकाळच्या वर्गात अरबी शिकते आहे. व्याकरणाचं दुसरं पुस्तक चालू आहे. परवाच्या चाचणीत दोन वाक्यांना लाल रेघा आल्या आणि सरांनी समासात फक्त 'नस्ब!', म्हणजे द्वितीया, एवढंच लिहिलंय.

लिहिण्याची पद्धत आधी सांगते: ऐनसाठी ऽ वापरते, आणि हलन्त नसेल तर शेवटचा अ पूर्ण उच्चारायचा. म्हणजे 'अल्-वलद' यात शेवटी अ ऐकू आला पाहिजे.

वाक्य पहिलं, 'मी मुलाला पुस्तक दिलं':
मी लिहिलं: अऽतैतु लिल्-वलदि किताबन्
हवं होतं: अऽतैतुल्-वलद किताबन्

वाक्य दुसरं, 'मला वाटलं हवा छान आहे':
मी लिहिलं: ज़नन्तुल्-जव्व जमीलुन्
हवं होतं: ज़नन्तुल्-जव्व जमीलन्

देणे या क्रियापदाला दोन कर्मं असतात हे शाळेपासून माहीत आहे. पण 'कोणाला' आणि 'काय' या दोघांनाही एकच विभक्ती दिली तर कोणी कोणाला काय दिलं हे कळणार कसं? आणि 'वाटणे'ला दोन कर्मं कुठून आली? हवा ही एक गोष्ट, छान हा तिचा गुण. त्यात दोन वस्तू आहेतच कुठे?

---

दर्यावर्दी | सोमवार, रात्री १०:०५

मस्कतमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. सांगतो, तिथे कोणीही शेवटचा अ, उ, इ बोलत नाही. 'अतैतुह् अल्-किताब' म्हटलं की त्याला पुस्तक दिलं, विषय संपला. तुमची दोन्ही वाक्यं बाजारात चालतील. बोलायला शिका, नस्बबिस्ब आपोआप येईल.

---

भांडूपकर | सोमवार, रात्री १०:११

'साहेबांनी मला सुट्टी दिली.' या वाक्यातलं दुसरं कर्म मला आजवर सापडलेलं नाही.

---

वाईचा_शास्त्री | सोमवार, रात्री १०:३०

यात नवल काहीच नाही. संस्कृतात द्विकर्मक धातू आहेतच. गां दोग्धि पयः. गाय आणि दूध दोन्ही द्वितीयेत. माणवकं पन्थानं पृच्छति, तिथेही तेच. पाणिनीने 'अकथितं च' या सूत्रात सगळं सांगून ठेवलंय. अरबीतही तोच नियम दिसतो. दुह्, याच्, पच्, दण्ड्... ही यादी पाठ करा, शंका राहणार नाही.

---

नाझनीन_रत्नागिरी | मंगळवार, सकाळी ७:१५

मृण्मयी, दोन्ही चुका मराठीतून आल्या आहेत. माझ्याकडे शिकणाऱ्या मुली पहिल्या वर्षी हेच करतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठीत 'मुलाला पुस्तक' म्हणताना प्रत्यय एकालाच लागतो. 'मी त्याला शहाणा समजत होते' यातही 'त्याला' झालं, पण 'शहाणा' तसाच राहिला, 'शहाण्याला' झालं नाही. आपल्या कानाला सवय अशी, की दोनातल्या एकाच शब्दाला काहीतरी लागायचं. म्हणून तू पहिल्या वाक्यात 'ला'साठी 'लि' शोधलास आणि दुसऱ्यात 'छान' मोकळं सोडलंस. अरबी क्रियापद मात्र दोघांनाही पकडतं.

आता ही दोन क्रियापदं एका कुटुंबातली नाहीत. दिसायला एकसारखी, दोघांनाही दोन मन्सूब, म्हणजे नस्ब लागलेले शब्द. पण एक कसोटी लाव. क्रियापद आणि कर्ता काढून टाक, उरलेले दोन शब्द मूळ रूपात शेजारी ठेव.

अल्-जव्वु जमीलुन्. हवा छान आहे. पूर्ण वाक्य.
अल्-वलदु किताबुन्. मुलगा पुस्तक आहे. काहीतरीच.

'ज़न्न', म्हणजे वाटणे, एका उभ्या वाक्यावर येऊन बसतं. ते वाक्य आधीपासून होतं. त्यातल्या उद्देश्यालाही आणि विधेयालाही नस्ब देऊन ज़न्न ते अख्खं आपल्या ताब्यात घेतं. म्हणून 'दोन वस्तू कुठे आहेत' हा तुझा प्रश्न बरोबर आहे: वस्तू एकच, तिच्याबद्दलचं विधान दुसरं. 'अऽता'ची, म्हणजे देण्याची, दोन कर्मं मात्र खरोखर वेगवेगळी आहेत, एक घेणारा आणि एक घेतलेली वस्तू.

दर्यावर्दीदादा, बोलण्यात स्वर गळतात हे अगदी खरं. पण तिला चाचणी लिहायची आहे, आणि पुढे कुराण किंवा जुना मजकूर वाचायचा असेल तर हेच स्वर लागणार.

---

दर्यावर्दी | मंगळवार, सकाळी ८:०२

बरोबर आहे ताई, मी प्रश्न बोलीचा समजलो. तरी एक विचारतो. स्वर गळले तरी आम्हाला कोणी कोणाला काय दिलं ते कळायचंच. मग त्या स्वरांचं काम काय?

---

नाझनीन_रत्नागिरी | मंगळवार, सकाळी ८:४०

दादा, दोन कर्मांमधला फरक स्वर दाखवतच नाहीत, दोन्हीकडे अच आहे! स्वर फक्त एवढं सांगतात की हा कर्ता नाही. कर्मांमधला भेद क्रम आणि अर्थ सांगतात. घेणारा आधी, वस्तू नंतर. मुलगा आणि पुस्तक असेल तर क्रम उलटला तरी चालतं, पुस्तक काही मुलाला घेत नाही. पण 'अऽतैतु ज़ैदन् ऽअम्रन्', म्हणजे मी ज़ैदला अम्र दिला, (समजा वर्गात एकेकाला जोडीदार वाटून देतोय) तर दोघंही माणसं, दोघंही घेऊ शकतात. तिथे क्रम हलवायचा नाही. पहिला तोच घेणारा.

आणि एका ठिकाणी क्रम उलटवावाच लागतो. 'मी दिरहम त्याच्या मालकाला दिला': अऽतैतुद्-दिर्हम साहिबहु. 'साहिबहु'मधला 'हु' म्हणजे 'त्याचा', तो दिरहमकडे बोट दाखवतो. बोट दाखवण्याआधी दिरहम येऊन गेलेला हवा, म्हणून वस्तू पुढे.

---

वाईचा_शास्त्री | मंगळवार, सकाळी ९:२०

मग माझं म्हणणं खरंच ठरलं ना? दोन्ही द्वितीया.

---

मुंबईचा_सौरभ | मंगळवार, सकाळी १०:०५

शास्त्रीबुवा, तुमची उदाहरणं पक्की आहेत, पण त्या यादीत 'दा' कुठे आहे? संस्कृतात देण्याला चतुर्थी लागते. विप्राय गां ददाति. ब्राह्मण संप्रदान, गाय कर्म. म्हणजे मृण्मयीच्या पहिल्या वाक्यात संस्कृत अरबीच्या नव्हे, मराठीच्या बाजूला उभी आहे. गाय दुहिण्याच्या वाक्यात गाय हे मूळचं अपादान, वक्त्याला तसं सांगायचं नाही म्हणून कर्म. देण्याशी त्याचा संबंध नाही.

---

वाईचा_शास्त्री | मंगळवार, सकाळी ११:३०

सौरभ, 'दा'चा मुद्दा मान्य. पण मग दुसऱ्या वाक्याकडे या. 'मन्' धातू. न त्वां तृणं मन्ये. 'त्वां'ही द्वितीया, 'तृणं'ही द्वितीया. मी तुला गवताची काडीही समजत नाही. हे नाझनीनताईंच्या ज़न्नसारखंच आहे की नाही? आणि गंमत पुढे आहे. पाणिनीचं सूत्र आहे 'मन्यकर्मण्यनादरे विभाषाऽप्राणिषु'. अनादर दाखवायचा असेल आणि ज्याच्याशी तुलना ते निर्जीव असेल, तर तिथे चतुर्थीही चालते: न त्वां तृणाय मन्ये. म्हणजे तुच्छ लेखायचं असलं तरच दुसरं कर्म द्वितीया सोडू शकतं. साधं 'मानतो' असेल तर दोन्ही द्वितीयाच.

---

नाझनीन_रत्नागिरी | मंगळवार, दुपारी १:१०

शास्त्रीबुवा, हे फारच छान सांगितलंत. हो, मन् आणि ज़न्न इथे खरोखर जवळ आहेत. अरबीत तुच्छतेसाठी विभक्ती बदलत नाही, पण मत व्यक्त करणाऱ्या क्रियापदाने दोन्हीकडे द्वितीया देणं अगदी तसंच.

---

पौर्णिमा_म्युनिक | मंगळवार, दुपारी २:००

जर्मनीतही असंच दुभंगलेलं आहे. देणे म्हटलं की 'देम मान दास बूख', माणसाला चतुर्थी. पण कोणाला काही म्हणणे किंवा ठरवणे असेल तर 'इश नेन्ने ईन आयनन हेल्डन', त्याला आणि वीर दोन्ही द्वितीया. मृण्मयी, माझा एकच प्रश्न: मग अरबीत चतुर्थी नाहीच का?

---

सलीम_मालेगाव | मंगळवार, दुपारी ३:२५

पौर्णिमाताई, अरबी नामाला तीनच अवस्था. रफ़ऽ म्हणजे कर्त्याची, नस्ब म्हणजे कर्माची, जर्र म्हणजे अव्ययानंतरची किंवा मालकीची. चतुर्थी नावाचा खण नाही. 'ला'चा अर्थ हवा असेल तर 'लि' हे अव्यय, आणि त्याच्यामागे जर्र. म्हणून 'अऽता'ला घेणारा सामावून घ्यायचा तर नस्बशिवाय जागाच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, ते इथे कोणी सांगितलं नाही. बसराचे व्याकरणकार सीबवैहि, इसवी सन ८००च्या थोडं आधी वारले, त्यांच्या 'अल्-किताब'मध्ये ही दोन कुटुंबं लागोपाठच्या दोन प्रकरणांत वेगळी केली आहेत, आणि वेगळी कशावरून केली? गाळता येतं की नाही यावरून. पहिल्या प्रकरणात उदाहरण 'अऽता ऽअब्दुल्लाहि ज़ैदन् दिर्हमन्'. इथे इच्छा असेल तर पहिल्या कर्मावर थांबता येतं. अब्दुल्लाने ज़ैदला दिलं. काय दिलं ते नाही सांगितलं, वाक्य मोडत नाही. पुढच्या प्रकरणात 'ज़न्न ऽअम्रुन् ख़ालिदन् अबाक', अम्रला वाटलं ख़ालिद तुझा बाप आहे. इथे एकावर थांबता येत नाही. 'ज़नन्तु ख़ालिदन्' एवढंच म्हटलं तर ऐकणारा विचारणार, ख़ालिद काय?

भांडूपकरदादा, तुमचं वाक्य 'दिली'चं आहे. सीबवैहि तुम्हाला पहिल्या कर्मावर थांबायची परवानगी देतात.

---

भांडूपकर | मंगळवार, दुपारी ३:३१

साहेबांना कळवतो. ते पहिल्या कर्मावरच थांबलेत.

---

मृण्मयी_कोथरूड | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

सलीमभाई, नाझनीनताई, खूप उपयोग झाला. कसोटी वापरून गृहपाठातली वाक्यं तपासली, आणि एक अडलं:

अऽतल्-मुऽअल्लिमुत्-तालिबाति कुतुबन्.
शिक्षकांनी विद्यार्थिनींना पुस्तकं दिली.

'तालिबाति' असं इ लावून छापलंय. मी जर्र समजले आणि म्हटलं, बघा, इथे तरी 'ला'साठी वेगळी विभक्ती आहे! पण ताईंच्या म्हणण्याप्रमाणे नस्ब हवी.

---

नाझनीन_रत्नागिरी | मंगळवार, रात्री ८:२०

ती नस्बच आहे. 'आत्'वाल्या स्त्रीलिंगी अनेकवचनाला नस्बमध्ये अ लागतच नाही, इ लागतो. जर्रमध्येही इ. दोन्हीकडे एकच रूप, म्हणून आजूबाजूला बघावं लागतं. आधी 'लि'सारखं अव्यय नाही, मालकी नाही, आणि 'अऽता'ला घेणारा हवाय. म्हणजे मन्सूब.

हे पहिल्यांदा बघितलं की वाटतं नियम मोडला. तसंच पुल्लिंगी अनेकवचनात 'मुहन्दिसून'चं 'मुहन्दिसीन' होतं, द्विवचनात 'किताबैनि'. अ कुठेच दिसत नाही, तरी नस्ब आहे. तू आता शेवटचा अ शोधायचं सोड आणि शब्दाचं काम शोध. काम कळलं की मगच विचार, हा शब्द नस्ब कशाने दाखवतो.

दुसरी एक चूक आत्ताच सांगून ठेवते, ती येणारच आहे. 'ज़नन्तुल्-जव्व जमीलन्' लिहिलंस, पण मध्ये 'अन्न', म्हणजे 'की', आलं तर: ज़नन्तु अन्नल्-जव्व जमीलुन्. इथे 'जमीलुन्' बरोबर! कारण आता नस्ब देणारा 'अन्न' आहे, आणि तो फक्त पहिल्याला देतो. ज़न्नने 'अन्न'पासून पुढचं सगळं एका घासात दोन्ही कर्मांच्या जागी घेतलं. चाचणीत तू जे लिहिलंस ते 'अन्न' गळून गेलेलं वाक्य होतं असं मला वाटतं.

---

मृण्मयी_कोथरूड | मंगळवार, रात्री ८:३२

होय! वर्गात आदल्या आठवड्यात 'अन्न'च शिकवलं होतं. म्हणून कानात जमीलुन् बसलं होतं.

---

चारुदत्त_नागपूर | मंगळवार, रात्री १०:१५

व्याकरणातलं फारसं कळत नाही, पण एक विचारतो. मी फावल्या वेळात कुराणाचं पठण ऐकतो. 'इन्ना अऽतैनाकल्-कौसर्' ऐकलंय. इथे शेवटी अ ऐकू येत नाही. मग नस्ब गेली का?

---

सलीम_मालेगाव | बुधवार, सकाळी ६:४५

चारुदत्तदादा, थांबताना शेवटचा ह्रस्व स्वर गिळतात. पुढच्या आयतीला जोडून म्हटलं तर 'अल्-कौसर फ़सल्लि' असा अ स्पष्ट येतो. आणि वाक्य नेमकं या धाग्याचं आहे. 'अऽतैना' म्हणजे आम्ही दिलं, 'क' म्हणजे तुला, पहिलं कर्म, आणि कौसर दुसरं. 'क' सर्वनाम आहे, त्यावर विभक्तीचं चिन्ह नाही, पण जागा नस्बचीच.

दुसऱ्या कुटुंबाचं हवं असेल तर सूरह कह्फ़, आयत ३६. 'व मा अज़ुन्नुस्-साऽअत क़ाइमतन्'. बागेच्या मालकाचं गर्वाचं बोलणं, 'ती घटका येईल असं मला वाटत नाही'. ताईंची कसोटी लावा: अस्-साऽअतु क़ाइमतुन्. वाक्य उभं राहतं.

आणि तिसरा प्रकार सूरह नबामध्ये: 'व जऽअल्नल्-लैल लिबासन्', रात्रीला आम्ही पांघरूण केलं. काहीतरी दुसरं करून टाकणारं क्रियापद. तेही ज़न्नच्या घरात बसवतात. यात लगेच पटत नाही, कारण 'रात्र पांघरूण आहे' हे आधीचं विधान नाही, करण्याचा परिणाम आहे. तरी वाक्य म्हणून ते उभं राहतं, एवढ्यावर व्याकरणकार समाधान मानतात.

---

मुंबईचा_सौरभ | बुधवार, सकाळी ९:१०

ज़न्नचा दुसरा शब्द कर्म आहे, यावर सगळ्यांचं एकमत आहे का? मला तो विशेषणासारखा वाटतो. 'हवा मी छान अवस्थेत समजलो.'

---

सलीम_मालेगाव | बुधवार, दुपारी १२:४०

नाही, एकमत नाही. कूफ़ाच्या व्याकरणकारांचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं, तो शब्द हाल आहे, म्हणजे अवस्था दाखवणारा. बसरावाले म्हणतात कर्म. बसराचा दाखला असा: हाल सहसा अनिश्चित असतो आणि गाळला तरी वाक्य जगतं. पण 'ज़नन्तु ज़ैदन् अख़ाक', मला ज़ैद तुझा भाऊ वाटला, यात 'तुझा भाऊ' निश्चित आहे आणि गाळताही येत नाही. मला बसरा पटतं. पण पाहण्याच्या क्रियापदात सौरभची शंका जिवंत राहते. 'रऐतु ज़ैदन् राकिबन्' म्हणजे ज़ैदला घोड्यावर बसलेला पाहिला. डोळ्यांनी पाहिलं तर कर्म एकच, 'राकिबन्' हाल. 'रऐतुल्-ऽइल्म नूरन्', ज्ञान म्हणजे प्रकाश असं माझं मत, इथे कर्मं दोन. लिहिलेलं रूप दोन्हीकडे सारखंच. डोळ्यांनी की मनाने, हे फक्त अर्थ सांगतो.

आणि माझ्याच आधीच्या विधानाला जोड. एकावर थांबता येत नाही, पण दोन्ही गाळलेली म्हण आहे: 'मन् यस्मऽ यख़ल्'. जो ऐकतो तो कल्पना करतो. काय, कसं, काहीच नाही.

---

नाझनीन_रत्नागिरी | बुधवार, दुपारी ४:००

मृण्मयी, सर 'लि' कापतात म्हणून ती पूर्ण चूक असं मी म्हणणार नाही. आजच्या वर्तमानपत्रांत 'अऽता'नंतर वस्तू आणि मग 'लि' लावून माणूस सर्रास दिसतो. तुझ्या वाक्यात अडचण क्रमाचीही होती, 'लि' आधी आणि वस्तू नंतर.

---

सलीम_मालेगाव | बुधवार, संध्याकाळी ५:३०

ताई, इथे मी सहमत नाही. वर्तमानपत्रात दिसतं म्हणून ते बरोबर होत नाही. 'अऽता' स्वतः दोघांपर्यंत पोहोचतं, त्याला मध्ये 'लि'ची गरज नाही. 'वहब'ला, म्हणजे बहाल करण्याला, लावा, तिथे 'लि' घट्ट बसलंय, कुराणातही. 'अऽता'ला नको.

---

नाझनीन_रत्नागिरी | बुधवार, संध्याकाळी ६:१०

परीक्षेसाठी तुमचंच ऐकावं तिने. पण विद्यार्थिनीला मी 'अरब असं लिहीत नाहीत' असं सांगू शकत नाही, कारण लिहितात.

---

मृण्मयी_कोथरूड | बुधवार, रात्री ९:०५

उद्या वर्गात फळ्यावर कर्मणी करायला सांगणार आहेत. मी असं केलंय, कोणी बघाल का?

अऽतैतुल्-वलद किताबन्, त्याचं: उऽतियल्-वलदु किताबन्
ज़नन्तुल्-जव्व जमीलन्, त्याचं: ज़ुन्नल्-जव्वु जमीलुन्

पहिलं कर्म कर्त्याच्या जागी गेलं, म्हणून उ.

---

नाझनीन_रत्नागिरी | बुधवार, रात्री ९:२०

पहिलं बरोबर. दुसऱ्यात 'जमीलन्' ठेव. कर्त्याची जागा रिकामी झाली म्हणून पहिलं कर्म तिथे सरकलं, दुसरं जिथे होतं तिथेच, मन्सूब. दोन्ही उ लावलेस तर क्रियापद सोडून गेलेलं मूळचं वाक्यच परत आलं.